पतीचे नाव आवश्यक

दिघोरीच्या तुलाराम कापगत्यांना दोन गोष्टींचा मनापासून राग होता. एक पातळ वरण, दुसरी अपूर्ण अर्ज. वरणाचं त्यांच्या हातात काही नव्हतं. ते मनकर्णाबाई जसं वाढतील तसं खावं लागे. अर्जांचा सूड मात्र त्यांनी नोकरीभर घेतला. एका सरकारी कचेरीतल्या खिडकीमागे बसून त्यांनी लोकांचे अर्ज घेतले, आणि घेतले त्याहून जास्त परत केले. तारीख नाही, परत. सही चुकीच्या जागी, परत. कोणाकडून चहाचा कप घेतला नाही आणि कोणाला मोकळी जागा सोडू दिली नाही. माणूस सरळ, पण इतका सरळ की वळणावरही वळेना.

निवृत्तीनंतर माणसाला कचेरी आठवते, कचेरीला माणूस आठवत नाही. तुलारामांनी हे ओळखलं आणि गावातल्या ज्येष्ठांच्या क्लबाचं चिटणीसपद गळ्यात घालून घेतलं. क्लब म्हणजे बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीखालचं समाजमंदिर, त्यात एक कॅरम, दोन वर्तमानपत्रं, पत्त्यांचे जोड, उन्हाळ्यात कूलर. संध्याकाळी पाचला पुरुष मंडळी जमत आणि जेवायच्या वेळेपर्यंत गावाचा, देशाचा आणि जावयांचा निकाल लावून उठत. दुपारभर त्या खोलीला कुलूप असे.

आणि दुपारभर मनकर्णाबाई घरात एकट्या असत. लेक उर्वशी नागपूरला, संसारात आणि शाळेच्या नोकरीत बुडालेली. गुडघे चांगले होते तोवर मनकर्णाबाई रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, बायकांच्या टोळीबरोबर जात. घरचा शेताचा तुकडा पुरेसा होता, गरज नव्हती. पण चिखलात ओळीनं वाकून दिवसभर जे बोलणं चाले, त्याची त्यांना चटक होती. गुडघे गेले आणि टोळी सुटली. एकदा तुलाराम तालुक्याहून लवकर परतले तर आतून बायकोचा आवाज येत होता. कोणी पाहुणं आलं असेल म्हणून त्यांनी पायरीवर चपला नीट काढल्या. आत पाहतात तर पाहुणं कोणी नाही. मनकर्णाबाई टीव्हीवरच्या बातम्या सांगणाऱ्या पोरीला सांगत होत्या, की बाई गं, आमच्याकडेही मागच्या साली असाच पाऊस लांबला होता.  ते तुलारामांच्या मनात रुतून बसलं.

पुढच्याच बैठकीत त्यांनी विषय काढला. दुपारी दोन ते चार क्लब बायकांसाठी उघडा ठेवायचा, त्यांनाही सभासद करून घ्यायचं. अध्यक्ष वासुदेवराव नाकाडे पानाची पिंक टाकायला उठले होते ते परत बसले. वासुदेवराव वाईट माणूस नव्हे. फक्त कूलरसमोरची खुर्ची आपली आहे असं त्यांना वाटे, आणि जगाबद्दलही त्यांचं साधारण तेच मत होतं.

"बायका येत नाई, तुलारामभाऊ," ते म्हणाले. "आमच्या घरचीच येनार नाई. तुमी खोली उघडून बसान अन् तिथं चिमण्या येतीन."

"येतीन ना. विचारून तर पाहा."

"मंग विचारा. तसंबी क्लबाचा सर्व्हे करनंच हाये. पंधरा बायकायनं भरला, तर देऊ खोली. पन त्यायनं सोता भरला पाहिजे. नवऱ्यानं बसून भरलेला चालनार नाई. अन् मागच्यावानी भुताटकी नको."

भुताटकी म्हणजे मागचा सर्व्हे. तो कोणीतरी मोबाईलवर घाईघाईनं केला होता, आणि त्यात नावाच्या जागी कोणी 'पिंटू' लिहिलं होतं, कोणी 'टकल्या', आणि एकानं मोबाईल नंबराच्या जागी 'कायले पाहिजे' असं विचारलं होतं. गावात पिंटूच सात. त्या सर्व्हेचा कोणाला काही उपयोग झाला नाही, हसायला सोडून.

"येत्या इतवारपर्यंत," वासुदेवराव म्हणाले, आणि तुलारामांनी सगळ्यांसमोर मान डोलावली. आता पंधरा बायका मिळाल्या तर दुपारची खोली, नाही तर तो विषय कायमचा मिटला. क्लबात एकदा हसून मिटलेला विषय पुन्हा उघडत नाही.

उर्वशीनं जुना लॅपटॉप दिला होता. हिंदीतला एक व्हिडिओ थांबवत थांबवत पाहून तुलाराम गूगल फॉर्म शिकले. प्रश्न कसा टाकायचा हे त्यांना बेताचंच आवडलं. पण प्रश्नाच्या खाली उजवीकडे 'आवश्यक' असं बटण असतं, ते सरकवलं की प्रश्नाशेजारी लाल चांदणी येते आणि ते उत्तर दिल्याशिवाय फॉर्म पुढे जातच नाही, हे पाहिल्यावर मात्र त्यांना बसल्या जागी गहिवरून आलं. सगळी हयात ज्यासाठी घसा कोरडा केला ते काम एक चांदणी करत होती, आणि तेही कोणाशी भांडण न करता.

त्याच्या बाजूच्या तीन ठिपक्यांत आणखी मोठं घबाड निघालं. तिथं 'रिस्पॉन्स व्हॅलिडेशन' म्हणून होतं, म्हणजे उत्तर कसं असलं तर घ्यायचं याचा नियम. आकडा असावा का, अक्षरं किती असावीत, की ठरलेल्या नमुन्यात बसावं. मोबाईल नंबराला त्यांनी नमुना लावला: शून्य ते नऊमधले बरोबर दहा आकडे, कमी नाही, जास्त नाही. मग स्वतःच तपासायला बसले, तर नंबराची जागा कोरी सोडूनही फॉर्म निघून गेला. तुलाराम हबकले. व्हिडिओ पुन्हा लावल्यावर उलगडा झाला. नियम फक्त लिहिलेलं तपासतो; काही लिहिलंच नाही तर तपासायला आहे काय? कोऱ्या जागेला अडवायचं काम चांदणीचं. म्हणजे दोन्ही पाहिजेत, कुलूपही आणि कडीही. त्यांनी मोबाईलला चांदणी दिली, वयोगटाला दिली, वेळेच्या प्रश्नाला दिली, 'क्लबात काय असावं' यालाही दिली.

नावावर त्यांनी खास मेहनत घेतली. 'संपूर्ण नाव: स्वतःचे, वडिलांचे (स्त्रियांनी पतीचे), आडनाव.' नमुना असा बसवला की मध्ये जागा सोडून तीन शब्द आले तरच नाव खरं. आता बघू म्हणावं कोणता पिंटू घुसतो ते. नियम मोडला तर खाली लाल अक्षरात काय दिसावं, तेही आपणच लिहायचं असतं. तुलारामांनी क्षणाचाही विचार न करता लिहिलं, 'अपूर्ण नाव स्वीकारले जाणार नाही.' ते वाक्य त्यांच्या बोटांना पाठ होतं.

सोमवारी लिंक क्लबाच्या ग्रुपवर गेली, आणि बायकांच्या भजनाच्या ग्रुपवरही. पुरुषांचे फोन सुरू झाले. क्लबातल्या धनीरामचा पहिला. त्याच्या मोबाईलवर मराठी कळफलक, तो आकडेही मराठीत टाकी, आणि फॉर्म म्हणे हा नंबरच नाही. "तुलारामभाऊ, माहा नंबर मलेच मालूम नाई असं म्हनून राहिला तुमचा फारम." तुलारामांनी नमुन्यात मराठी आकडेही बसवले. दुसऱ्या एकाचं म्हणणं की वयोगट चुकीचा निवडला गेला, त्यालाही समजावलं. बुधवारपर्यंत पुरुषांचे फॉर्म खळ्यावर धान पडावं तसे पडले. प्रत्येक नाव तीन शब्दांचं, नंबर दहा आकड्यांचा. तुलाराम ते तक्ते पाहत बसत.

बायकांचे आले दोन. एक शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंचा, दुसरा एका नव्या सुनेनं आजेसासूसाठी भरलेला.

गुरुवारी दोन. शुक्रवारीही दोनच. क्लबात वासुदेवराव नुसते कॅरमची सोंगटी नेम धरून मारत हसले. शनिवारी सकाळी धनीराम म्हणाला, "जाऊ द्या ना, भाऊ. त्यायलेच गरज नाई, तं आपुन काहून डोस्कं फोडावं?" तुलारामांच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि घरी येईस्तोवर तो राग धनीरामवरून उतरून गावातल्या समस्त बायकांवर चढला. आपण यांच्यासाठी चारचौघांत मान खाली घालायची, आणि यांना मोबाईलवर चार बोटं फिरवायला जमू नये. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मनकर्णाबाई भाजी निवडत होत्या.

"तू फारम भरला?" तुलारामांनी उभ्या उभ्याच विचारलं.

"नाई."

"काहून? मी कोनासाठी करून राहिलो हे सगळं? गावच्या बायका जाऊ दे, घरची बायको भरत नाई, तं वासुदेवराव हसन नाई तं काय करन?"

मनकर्णाबाईंनी भाजीची परात बाजूला सारली, पदराला हात पुसले आणि देवळीतला मोबाईल आणून त्यांच्यासमोर बसल्या.  लिंक उघडली. टाईप करणं त्यांना जमत नसे. त्या कळफलकावरच्या माईकचं चित्र दाबून बोलत आणि अक्षरं आपोआप उमटत. गावातल्या बहुतेक बायकांचं असंच होतं. त्यांनी माईक दाबला.

"मनकर्णाबाई कापगते."

अक्षरं नीट उमटली. खालच्या प्रश्नावर बोट ठेवताच नावाखाली लाल ओळ आली. त्यांनी ती एकेक अक्षर जोडत मोठ्यानं वाचली. "अपूर्ण नाव स्वीकारले जानार नाई." मग मान वर करून विचारलं, "हे तुमीच लिहलं ना?"

"हो, मंग? पुरं नाव सांग. मधात माहं नाव टाक."

मनकर्णाबाईंनी मोबाईल मांडीवर पालथा ठेवला.

"तुलाराम. म्हन, तुलाराम. घेतल्यानं मी मरतो का?"

हे तोंडातून निघालं आणि तुलारामांना ते परत घ्यावंसं वाटलं. कारण मनकर्णाबाईंचा चेहरा एकदम पांढरा पडला होता. बायकोनं नाव घेतलं की धन्याचं आयुष्य उणं होतं, असं त्यांच्या आईनं सांगितलं होतं, आईला तिच्या आईनं. यात काही तथ्य नाही हे मनकर्णाबाईंनाही ठाऊक होतं. लेकीच्या कार्यात उखाण्याचा आग्रह झाला तेव्हा त्यांनी नाव ओठात पुटपुटलं आणि हळदीकुंकवाच्या गलक्यात बुडवलं. पण दोन सालांमागं तुलारामांच्या छातीत कळ आली, भंडाऱ्याच्या दवाखान्यात रात्र काढावी लागली, तेव्हापासून त्या याबाबतीत धोका पत्करायला तयार नव्हत्या. उगाच कशाला?

"मी रोज पाहून राहिली," त्या हळूच म्हणाल्या. "सोमवारी पाह्यलं. मंगळवारी पाह्यलं. वाटलं आज तरी सोडन. रोज तेच लाल. मंग सत्यभामाले विचारलं, तं तिचंबी तसंच. तिच्या वसरीवर आमी आठदहा जनी बसलो होतो, समद्यायचे मोबाईल तिथंच अडले. माईकले बोलनं पडते ना. बोलन कोन?"

"मंग मले सांगनं होतं. धनीरामनं फोन केला, मी लगेच दुरुस्त केलं."

"तुमाले का सांगनार? तुमी नियम केला. आमाले वाटलं, बायकायनं भरू नये म्हनूनच केला असन."

तुलाराम खाली बसले. कचेरीच्या खिडकीत त्यांनी माणसं परत पाठवली, पण निदान त्यांची तोंडं पाहिली होती. कोणी चिडे, कोणी हात जोडी, कोणी दुसऱ्या दिवशी पुन्हा येई. इथं तेही नाही. दारापर्यंत येऊन फिरलेल्यांची फॉर्म कुठंच नोंद ठेवत नव्हता; पाठवलेलं तेवढंच त्याला दिसे. आठवडाभर तक्त्यात दोन बायका पाहून त्यांनी ठरवलं की बाकीच्या आल्याच नाहीत. त्या रोज येत होत्या. त्यांची स्वतःची बायको याच घरात, त्यांच्यापासून चार हातांवर बसून, रोज परत जात होती. त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

"चुकलं माहं," ते म्हणाले. हे वाक्य त्या घरात फारसं ऐकू येत नसे. मनकर्णाबाई पुन्हा भाजीकडे वळल्या.

तुलारामांनी लॅपटॉप उघडला. नावाचा प्रश्न बदलला: 'तुमचे नाव आणि आडनाव.' तीन शब्दांचा नमुना काढून दोन शब्द आले तरी पुरे असा केला. लाल ओळ खोडली आणि तिथं बराच विचार करून लिहिलं, 'नावासोबत आडनावही सांगा.' गावातल्या दोन मनकर्णाबाईंमध्ये घोटाळा नको म्हणून वॉर्डाचा नवा प्रश्न टाकला, त्याला चांदणी दिली; तिथं नुसती निवड करायची होती, बोलायचं काही नव्हतं. आणि शेवटी वेगळा प्रश्न टाकला, 'वडिलांचे किंवा पतीचे नाव.' त्याला नियम लावला नाही. 'आवश्यक'चं बटण तसंच बंद ठेवलं. त्या बटणापाशी त्यांचं बोट थोडं घुटमळलं, खोटं का बोला? जन्माची सवय. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पण त्यांनी लॅपटॉप मिटला.

लिंक तीच होती, पुन्हा पाठवायची गरज नव्हती. फक्त ज्यांनी पान उघडून ठेवलं होतं त्यांना ते नव्यानं उघडायला सांगणं भाग होतं. ते काम मनकर्णाबाईंनी केलं. भाजी तशीच टाकून, गुडघ्यावर हात देत, त्या सत्यभामेच्या ओसरीकडे निघाल्या.

रविवारी समाजमंदिरात मंडळी जमली. सत्यभामा ही वासुदेवरावांचीच बायको, पण शनिवारी तिच्याकडे बायका भजनाला जमल्या होत्या एवढंच वासुदेवरावांना माहीत होतं. ते मोठ्या प्रसन्न चेहऱ्यानं कूलरसमोर बसले.

"हं, तुलारामभाऊ. किती चिमण्या?"

"बावीस," तुलाराम म्हणाले.

खोलीत कोणी खोकलं. वासुदेवरावांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवून घेतला, चष्मा चढवला आणि खालीवर पाहिलं. चतुर माणूस, नेमकं तिथंच बोट ठेवलं.

"हे काय? यायच्या मधल्या नावाचे रकाने पाहा. अर्धे कोरे. आपलं ठरलं होतं ना, पुरं नाव पाहिजे? हे अपूर्ण हायेत."

तुलाराम कापगत्यांना कोणी अपूर्ण म्हणून अर्ज परत करावा, असा प्रसंग पहिल्यांदाच येत होता. त्यांनी शांतपणे सांगितलं, "नाव हाये, आडनाव हाये, वॉर्ड हाये, मोबाईल हाये. मानूस सापडते का नाई? मधलं नाव मी आवश्यक ठेवलं नाई. बायका नवऱ्याचं नाव घेत नाई, हे मले मालूम असून मीच इसरलो होतो."

"अन् जे भरले हायेत ते? वाचा बरं."

तुलारामांनी वाचायला सुरुवात केली. मंडळींना आधी कळेना, मग हसू आवरेना. गोदावरीबाई, पतीचे नाव: कैलाशचे बाबा. पुढची: पोरीचे बाबा. त्याच्या पुढची: घरचे. एकीनं लिहिलं होतं, 'ज्यांच्या धानाच्या बांध्या बोडीच्या खालच्या अंगाला आहेत ते.' तिचा नवरा तिथंच बसला होता. तो गुडघ्यावर थाप मारून हसला.

"सत्यभामाबाई नाकाडे," तुलारामांनी वाचलं. "पतीचे नाव: अध्यक्ष."

आता सगळी खोली वासुदेवरावांकडे पाहत होती. वासुदेवरावांनी चष्मा काढला. "ती बी भरली?" त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता. "क्लबात काय पाहिजे लिहलं तिनं?"

"'बसायले जागा.'"

वासुदेवरावांनी कूलरसमोरची खुर्ची थोडी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "वाचा, पुढं वाचा."

पुढची ओळ मनकर्णाबाईंची होती. तुलारामांनी ती अजून पाहिली नव्हती. घाईत नुसती संख्या मोजून ते निघाले होते. नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं. पुढचा रकाना डोळ्यांनी वाचला आणि थांबले.

"काय लिहलं वहिनीनं?" धनीरामनं विचारलं. "कोरं हाये का?"

"कोरं नाई," तुलाराम म्हणाले. मग त्यांनी वाचलं, "'तुमाले मालूम हाये.'"

या वेळी कोणी हसलं नाही. खोलीची किल्ली वासुदेवरावांच्या खिशात असे. ती त्यांनी काढून लॅपटॉपच्या बाजूला ठेवली. ठराव वगैरे नंतर झाला, इतिवृत्तासाठी.

सोमवारी दुपारी तुलारामांनी आपल्या हातानं जेवण वाढून घेतलं. घर शांत होतं, टीव्ही बंद होता. चारनंतर मनकर्णाबाई आल्या. चेहरा घामेजलेला, पदर खांद्यावरून घसरलेला, आणि दाराशी चपला काढता काढताच त्यांनी बोलायला सुरुवात केली. सत्यभामेच्या सुनेचं काय, गोदावरीबाईच्या गाईचं काय, कॅरममध्ये राणी कोणी घेतली आणि ती खरी की खोटी. पाणी पिताना बोलल्या, चूल पेटवताना बोलल्या. पाच वाजून गेले, तुलारामांची क्लबात जायची वेळ टळली. ते तिथंच पाटावर बसून ऐकत राहिले.